सही आहे, समज कुठे आहे?

कोव्हॅक्सिन लसीच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत भोपाळच्या वायुपीडित वस्त्यांतील अनेक स्वयंसेवक सहभागी झाले होते. जानेवारी २०२१मध्ये त्यांच्यापैकी काहींनी तक्रार केली की, ही चाचणी आहे असे आम्हांला सांगितलेच नाही. करोनाची लस मिळेल आणि साडेसातशे रुपयेही मिळतील, एवढेच कळले. संबंधित रुग्णालयाने आरोप फेटाळले. त्या वादाच्या खरेखोटेपणात न शिरताही एक प्रश्न उरतो : कागदावर सही असूनही सहभागी माणसाला आपण कशात सामील झालो हे कळले नसेल, तर ते कुठे निसटले?

बहुधा पहिल्याच वाक्यात. माहितीपत्रक ‘या अभ्यासाचा उद्देश लसीची परिणामकारकता तपासणे हा आहे’ असे सांगते आणि ऐकणारा त्याचा अर्थ ‘परिणामकारक लस देणार आहेत’ असा घेतो. डॉक्टर, रुग्णालय आणि सुई दिसली की उपचारच चालले आहेत असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून समजावणाऱ्याने हेतू उलट बाजूने सांगायला हवा : ही लस उपयोगी पडते की नाही, हे आम्हांला अजून ठाऊक नाही, ते कळावे म्हणून तुमची मदत हवी आहे. लसीकरण आणि चाचणी यांतला फरक या ‘ठाऊक नाही’मध्ये आहे, आणि नेमके तेच उच्चारायला संशोधकाची जीभ अडखळते.

यानंतर येते प्लासिबो, म्हणजे औषधाविना दिलेली मात्रा. या चाचणीत सुमारे २५,८०० जण होते. त्यांतील निम्म्यांना लस मिळाली आणि निम्म्यांना प्रतिजन नसलेले, तुरटीयुक्त क्षारद्रव. कोणाला काय मिळाले हे सुई टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. ‘दोन्हींपैकी एक मिळेल’ हे वाक्य ऐकणाऱ्याला दोन प्रकारच्या लशींसारखे भासते. त्याऐवजी नाणेफेकीचा दाखला द्यावा : छापा पडला तर लस, काटा पडला तर लशीसारखे दिसणारे, पण करोनापासून वाचवू न शकणारे पाणी, आणि काय पडले ते तुम्हांला सांगणार नाही. पुढचे वाक्य तर गाळताच येत नाही : म्हणून तोंडावरची पट्टी काढू नका. लस मिळाली या समजुतीने माणूस गर्दीत वावरू लागला, तर चाचणीनेच त्याला धोक्यात लोटले असे होईल.

प्लासिबो ही फसवणूक नव्हे, हेही त्याच बैठकीत सांगता येते. या चाचणीच्या प्रसिद्ध निष्कर्षांत लक्षणे असलेल्या करोनाचे १३० रुग्ण मोजले गेले; २४ लस घेतलेल्यांत, १०६ प्लासिबो गटात. सुमारे ७८ टक्के संरक्षणाचा आकडा या तफावतीतून निघाला. ते १०६ जण नसते, तर २४ या आकड्याला काही अर्थच उरला नसता. देशाने पुढे ज्या लशीवर विसंबून दंड पुढे केले, तिचे मोल अशा लोकांनी मोजून दिले.

जोखमीबाबत मात्र यादी वाचून भागत नाही. दंड दुखेल, ताप येईल हे सगळेच सांगतात. नोव्हेंबर २०२०मध्ये सांगायला हवे होते ते असे : आधीच्या दोन टप्प्यांत मिळून साडेसातशेच्या आसपास माणसे होती आणि त्यांतही काहींना ही लस मिळालेली नव्हती. दहा हजारांत एखाद्याला होणारा त्रास एवढ्या लोकांत दिसलाच नसता. इजा झाल्यास मोफत उपचार आणि, ती चाचणीमुळेच झाल्याचे ठरल्यास, भरपाई २०१९च्या नियमांनी दिली आहे. पण त्यासाठी कोणाला फोन करायचा, हे नाव-क्रमांकासह हातातल्या प्रतीवर हवे. प्रत घरी न देणे हा तर सरळ नियमभंग.

माघारीचा हक्क सगळ्यांत घाईने वाचला जातो. ‘केव्हाही बाहेर पडू शकता’ एवढ्याने काहीच कळत नाही. दुसरी मात्रा नाकारली तर मिळालेले पैसे परत द्यावे लागतील का? याच रुग्णालयात पुढे उपचार मिळतील ना? गरीब माणसाच्या मनात हेच प्रश्न असतात आणि तो ते विचारत नाही. शिवाय हा हक्क परिस्थितीनुसार बदलतो. १ मार्च २०२१पासून साठीपुढच्यांना सरकारी लस खुली झाली. त्या दिवशी प्लासिबो गटातल्या ज्येष्ठ स्वयंसेवकापुढे नवा पर्याय उभा राहिला. सहभागाचा निर्णय बदलू शकेल अशी नवी माहिती वेळेवर कळवावी, ही अपेक्षा अशाच प्रसंगासाठी आहे. वर्षभराच्या पाठपुराव्यात संमती एकदाच घेऊन चालत नाही.

यावर उपाय म्हणून कॅमेरा सुचवला जातो. काही चाचण्यांत दुर्बल घटकांतील सहभागींच्या संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे आहेच. निरक्षर व्यक्तीसाठी निःपक्ष साक्षीदारही लागतो. परंतु मुद्रणात बहुतेक वेळ डॉक्टर बोलतात आणि स्वयंसेवक मान डोलावतो. ‘समजले का?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘हो’ हेच सभ्य उत्तर आहे. म्हणून त्यालाच बोलते करावे : तुम्हांला काय टोचणार आहेत? ती लसच असेल हे नक्की का? उद्या नको वाटले तर काय कराल? तिन्ही उत्तरे त्याच्या शब्दांत नोंदवल्याशिवाय सहीचे पान उघडू नये, अशी अट नैतिकता समित्या आजही घालू शकतात. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. एका स्वयंसेवकामागे पंधरा-वीस मिनिटे अधिक लागतील. भरतीच्या दिवसावर डोळा ठेवणाऱ्या प्रायोजकाला ती परवडणार नाहीत, आणि समित्यांवरचा दबाव येतो तो तिथूनच.