पाय तेच, रस्ता वेगळा

आमच्या धाकट्या जावेने जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या दहा किलोमीटर धावण्यात नाव घातले आहे. ही मॅरेथॉन २००४ पासून होते आणि तिच्या निमित्ताने अनेक संस्थांसाठी मदतनिधी जमतो. जावेनेही नातेवाइकांकडून अशा एका संस्थेसाठी पैसे गोळा केले, म्हणजे आता माघार नाही.

दोन महिने ती जिममधल्या ट्रेडमिलवर ताशी ७ च्या वेगाने ५ किलोमीटर धावत होती. मग एका रविवारी आम्ही दोघी पहाटे चाळीसगावच्या बाहेर रस्त्यावर गेलो. तिसऱ्या किलोमीटरलाच बाईसाहेब खाली बसल्या. "ताई, पाय तेच, मग झालं काय?"

घड्याळ पाहिले तर पहिला किलोमीटर तिने साडेसहा मिनिटांत काढला होता. ताशी ७ म्हणजे किलोमीटरला साडेआठ मिनिटे! ट्रेडमिलवर वेग यंत्र धरून ठेवते, रस्त्यावर तो आपणच धरायचा असतो. सोपी खूण अशी: धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करावा.

दुसऱ्या दिवशी तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. पट्टा सपाट आणि थोडा दबणारा असतो. डांबर कडक, त्यात खड्डे, चढउतार आणि कडेला उतार. ही सवय पायांना रस्त्यावरच लागते. पट्ट्याचा चढ एकवर ठेवला की रस्त्यासारखे होते म्हणतात, पण तो उपाय वाऱ्याच्या विरोधासाठी आहे. आपल्या हळू वेगात त्याने फारसा फरक पडत नाही. बाजूचा दांडा धरून धावणे मात्र सोडा, वजन हातांवर जाते.

आता आम्ही आठवड्यातले तीन दिवस ठरवले आहेत. दोन दिवस रस्ता, एक दिवस ट्रेडमिल. पाऊस असला किंवा ऊन चढले की ट्रेडमिलच बरी, पण पंखा समोर हवा, कारण जागच्या जागी वारा लागत नाही. रस्त्यावर चार मिनिटे धावायचे, एक मिनिट चालायचे. रविवारी ३ किलोमीटरपासून सुरुवात करून दर आठवड्याला अर्धा वाढवायचा. अकराव्या आठवड्यात ८ होतात. बारावा आठवडा हलका ठेवायचा. चालत-धावत दहा पुरे करायला एवढी तयारी चालते.

रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे. कन्नड घाटाकडचा चढ आणि तिथली वाहने नवख्या बाईसाठी नाहीत.

पोटऱ्या दोन दिवस दुखल्या तर चिंता नको. पण नडगीच्या हाडावर बोट ठेवून एकाच जागी दुखत असेल, आणि चालतानाही दुखत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. तिथे ट्रेडमिलही चालणार नाही.

गेल्या रविवारी जाऊ ४ किलोमीटर धावून आली आणि थेट पोळ्यांना लागली. पहिला किलोमीटर? पावणेनऊ मिनिटे.