कुत्रा चावला, आता तारखा कशा मोजायच्या?

मैत्रिणींनो, एका भगिनीने विचारले आहे, ‘आमच्या सात वर्षांच्या मुलाला रविवारी संध्याकाळी कुत्रे चावले. पोटरीतून रक्त आले. सासूबाईंनी हळद-चुना लावला. सोमवारी, 8 जूनला पहिले इंजेक्शन झाले. पुढचे 10 ला की 11 ला, यावरून घरात वाद आहे.’

आधी त्या हळद-चुन्याचे. हळद, तिखट, चुना, तेल काही म्हणता काही लावायचे नाही. लगेच नळाखाली पाय धरावा आणि साबण लावून पंधरा मिनिटे घड्याळ लावून धुवावा. या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते, ते साबणाने फुटते. मूल रडले म्हणून दोन मिनिटांत आटोपू नका. जखमेवर पट्टी बांधू नये, घाईने टाकेही घालून घेऊ नयेत. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती आणखी एक इंजेक्शन देतात. लस अंगात काम करू लागेपर्यंत तेच राखण करते, म्हणून डॉक्टरांना त्याबद्दल आवर्जून विचारा.

आता तारखा. चावल्याचा दिवस धरायचा नाही, पहिल्या इंजेक्शनचा दिवस धरायचा, आणि तो शून्य. म्हणजे 8 जून शून्य, 9 एक, 10 दोन, 11 तीन. तेव्हा दुसरे इंजेक्शन 11 ला, गुरुवारी. सातवा दिवस 15 जून, अठ्ठाविसावा 6 जुलै. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत टोचतात, त्याचे हे चार दिवस. दंडाच्या स्नायूत टोचत असतील तर मध्ये चौदावा दिवस, 22 जून, वाढतो. एक सोपी खूण सांगते: सातवा, चौदावा आणि अठ्ठाविसावा दिवस पहिल्याच वारी येतात. पहिले सोमवारी, तर हे सगळे सोमवारीच! आजच कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल करून ठेवा. (पोटातली चौदा इंजेक्शने आता कधीच बंद झाली आहेत, त्यांची भीती मुलाला घालू नका.)

घोटाळा होतो तो शेवटच्या इंजेक्शनाला. जखम भरलेली, शाळा सुरू झालेली, आणि शेजारीण म्हणते, ‘कुत्रा तर कोपऱ्यावर मजेत फिरतोय, आता कशाला?’ कुत्र्याकडे दहा दिवस लक्ष ठेवावे हे खरे. पण तो धडधाकट राहिला तरी एखादे इंजेक्शन गाळायचे का हे डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नव्हे. आणि तो दिसेनासा झाला तर प्रश्नच मिटला, सगळी घ्यायची. पूर्ण घेतलेल्याला पुढे कधी पुन्हा चावलेच तर साधारणपणे दोनच इंजेक्शने पुरतात, तेव्हा कार्ड जपून ठेवा.

आणि पाहुणे आले, गावाला गेलात, तारीख चुकली? मग दुसऱ्याच दिवशी कार्ड घेऊन दवाखाना गाठा. राहिलेले तिथून पुढे देतात, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.