पदवी परदेशची, कागद घरचे

गेल्या काही वर्षांत बडोद्यातल्या मराठी घरांतून इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इथे शिकायला जाणाऱ्या मुलांची संख्या वाढली, आणि आता त्यांतली काही परत येऊ लागली आहेत. कोणाला इथे पीएचडी करायची आहे, कोणाला महाविद्यालयात शिकवायचे आहे, कोणाला सरकारी परीक्षा द्यायच्या आहेत. मंडळाच्या कार्यालयात त्यांचे आईवडील एकच प्रश्न घेऊन येतात. हातात रीतसर पदवी असताना इथली संस्था 'समकक्षता प्रमाणपत्र' का मागते, आणि ते मिळवायला कोणते कागद आधी नि कोणते नंतर लागतात? २०२५ मध्ये या बाबतीतले नियम बदलले, म्हणून आम्ही हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

आधी बदल काय झाला ते पाहू. परदेशी पदवी भारतातल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची, हे ठरवण्याचे काम वर्षानुवर्षे दिल्लीची असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजे एआययू, करीत आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ४ एप्रिल २०२५ रोजी स्वतंत्र नियमावली काढून या कामाची चौकट आपल्याकडे घेतली. त्यानुसार अर्ज ऑनलाइन करायचा, तज्ज्ञांची स्थायी समिती तो तपासणार आणि १५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय कळवला जाणार. नकार आला तर ३० कामकाजाच्या दिवसांत शुल्क भरून फेरविचार मागता येतो. बऱ्याच जाहिरातींत अजून एआययूचेच नाव छापलेले असते. तसे दिसले तर आपल्याला कोणाचे प्रमाणपत्र चालेल, हे त्या संस्थेलाच लेखी विचारून घ्यावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.

वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, कायदा आणि वास्तुशास्त्र यांसारखे व्यावसायिक अभ्यासक्रम या नियमावलीत येत नाहीत. परदेशात एमबीबीएस केलेल्याला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांतून आणि एफएमजीई परीक्षेतून जावे लागते. वकिलीसाठी बार कौन्सिलकडे आणि वास्तुविशारदासाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे जावे लागते. तेव्हा आपले दार कोणते, हे सर्वांत आधी ठरवावे. खासगी कंपन्यांत बहुधा समकक्षता कोणी मागत नाही. त्या परस्पर विद्यापीठाकडून पदवीची खातरजमा करून घेतात. तिथे या खटाटोपाची गरज पडत नाही.

आता नियमावलीच्या गाभ्याकडे वळू. पदवीवर विद्यापीठाचे नाव मोठे असले की काम झाले, असा आपल्याकडे समज आहे. समिती मात्र दोन गोष्टी बारकाईने पाहते. विद्यापीठ त्याच्या देशात रीतसर मान्यताप्राप्त आहे का, ही पहिली. दुसरी, त्या अभ्यासक्रमाला प्रवेश ज्या पात्रतेवर मिळाला, ती पात्रता भारतातल्या तशाच अभ्यासक्रमाच्या प्रवेश पात्रतेशी मिळतीजुळती आहे का. अडचणी येतात त्या बहुधा या दुसऱ्या प्रश्नावर. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केलेला मुलगा परदेशात एका वर्षाचा 'टॉप-अप' करून पदवी घेऊन येतो. किंवा कोणी नोकरीच्या अनुभवावर, पदवी नसताना, थेट एमबीएला प्रवेश घेतो. तिथल्या विद्यापीठाच्या दृष्टीने दोघांचेही काही चुकलेले नसते. इथे मात्र साखळीतली एक कडी कमी पडते. म्हणजे परीक्षा नुसत्या शेवटच्या पदवीची नसून दहावी, बारावी, पदवी, पदव्युत्तर अशा सगळ्या साखळीची असते. म्हणून अर्जासोबत घरच्या फाइलमधले जुने कागदही तितकेच लागतात.

फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे मूळ विद्यापीठाच्या नावावर दुसऱ्याच संस्थेने चालवलेल्या अभ्यासक्रमाची पदवी या नियमावलीत मान्य होत नाही. विद्यापीठाचे स्वतःचे दुसऱ्या देशातले केंद्र असेल तर मात्र ती मान्य होऊ शकते. त्यासाठी त्या केंद्राने ते जिथे आहे त्या देशाच्या आणि मूळ देशाच्याही शैक्षणिक अटी पाळलेल्या असाव्या लागतात. प्रवेश घेण्याआधीच हा फरक विद्यापीठाकडून लेखी स्पष्ट करून घ्यावा, कारण पदवी हाती पडल्यावर तो सुधारता येत नाही.

मंडळातल्या एका घरातल्या मुलीचे उदाहरण घेऊ. तिने बडोद्यात तीन वर्षांची रसायनशास्त्राची बीएस्सी केली, लग्न झाले, आणि मग इंग्लंडमध्ये एका वर्षाची एमएस्सी केली. परत आल्यावर तिला पीएचडीला प्रवेश घ्यायचा होता. इंग्लंडच्या एकवर्षीय मास्टर्सला भारतात पूर्वी अडचण येत असे, कारण आपली एमएस्सी दोन वर्षांची. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात पात्रतांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला आणि तो अडसर दूर झाला. अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा यांसारख्या व्यावसायिक पदव्या त्या करारातही नाहीत. हिची पदवी विज्ञानाची असल्याने तत्त्वतः तिच्या वाटेत काही नव्हते. तरी कागद पूर्ण व्हायला चार महिने गेले आणि त्या वर्षीची प्रवेशाची तारीख हुकली. कारण होते क्रम.

तिने सुरुवात केली पदवीच्या मूळ प्रमाणपत्रापासून. ते एका एजंटामार्फत दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलसाठी पाठवले आणि ते तसेच परत आले. अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याची ग्वाही, आणि ती कागद ज्या देशाने दिला त्याच देशाला देता येते. आपल्या पदवीला परदेशात नेताना दिल्लीचे अपोस्टिल लागते. ब्रिटिश पदवीला ते ब्रिटनच्या परराष्ट्र कार्यालयाकडून घ्यावे लागते, आणि बहुधा त्याआधी तिथल्या सॉलिसिटर किंवा नोटरीचे साक्षांकन लागते. ही मुलगी इंग्लंडमध्ये असताना हे काम सोपे होते. इथून करताना मूळ प्रमाणपत्र कुरिअरने पाठवावे लागले आणि ते परत येईपर्यंत बाकी सगळे अडून राहिले. म्हणून जिथे प्रवेश किंवा नोकरी हवी त्या संस्थेला अपोस्टिल लागते का, हे परत येण्याआधी विचारावे, आणि लागत असेल तर तिथेच करून घ्यावे. प्रमाणपत्र लॅमिनेट करू नये. मग त्यावर शिक्का मारता येत नाही.

दुसरी अडचण नावाची होती. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव असते. लग्नानंतर तिने पासपोर्ट सासरच्या आडनावाने काढला होता, आणि तिथल्या विद्यापीठाने पासपोर्टवरचेच नाव पदवीवर छापले. कागद तपासणाऱ्यासमोर दहावी ते बीएस्सी एक बाई आणि एमएस्सीला दुसरीच बाई उभी राहिली. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडल्यावर दोन्ही नावे जुळली, पण ते महापालिकेतून काढायला आणखी काही दिवस गेले. हे काम घरी बसून, मुलगी तिकडे शिकत असतानाच, आईवडिलांना करून ठेवता आले असते.

तिसरी गोष्ट ट्रान्सक्रिप्टची. इंग्लंडच्या मास्टर्सला साधारणपणे १८० क्रेडिट असतात आणि त्यांतली बहुधा ६० प्रबंधाची असतात. प्रबंध पूर्ण न केलेल्याला १२० क्रेडिटवर पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा मिळतो; ती मास्टर्स नव्हे. त्यामुळे ट्रान्सक्रिप्टवर एकूण क्रेडिट आणि प्रबंधाचे क्रेडिट दोन्ही स्पष्ट दिसायला हवेत. तिने आधी जोडला होता विद्यार्थी पोर्टलवरून छापलेला निकाल. विद्यापीठाच्या शिक्क्याचे ट्रान्सक्रिप्ट मागवायचे म्हटले तर विद्यार्थी म्हणून मिळालेला तिचा ईमेल तोवर बंद झालेला. तिकडची विद्यापीठे विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय कोणालाही माहिती देत नाहीत, म्हणून ओळख पटवण्यातच पुन्हा वेळ गेला.

या अनुभवावरून आम्ही मंडळातल्या कुटुंबांना जो क्रम सुचवतो तो असा. मूल तिकडे जाण्याआधी दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रकांवरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव शेजारी ठेवून पाहावे आणि फरक असल्यास तो जोडणारा कागद काढून ठेवावा. प्रवेशपत्र जपावे, कोणत्या पात्रतेवर प्रवेश मिळाला ते त्यावर लिहिलेले असते. तिथे असताना पासपोर्टची व्हिसाची आणि येण्याजाण्याच्या शिक्क्यांची पाने स्कॅन करावीत, कारण प्रत्यक्ष तिथे राहून शिकल्याचा तो पुरावा ठरतो. निकाल लागताच शिक्क्याचे ट्रान्सक्रिप्ट घ्यावे, खात्यात वैयक्तिक ईमेल नोंदवावा, पदवी हाती आली की गरजेप्रमाणे अपोस्टिल करावे. समकक्षतेचा ऑनलाइन अर्ज हे सगळे हाताशी आल्यावरच करावा. त्याआधी केला तर ते वरातीमागून घोडे ठरते. समितीला अर्ज अपुरा वाटला तर ती आणखी कागद मागते, आणि ते तिकडून येईपर्यंत पंधरा दिवसांच्या हिशेबाला अर्थ उरत नाही.

तारखांचाही हिशेब घालून पाहावा. सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या एका वर्षाच्या मास्टर्सचा प्रबंध पुढच्या सप्टेंबरच्या आसपास जमा होतो, निकाल नोव्हेंबरच्या सुमारास लागतो, पदवीदान काही ठिकाणी जानेवारीत होते. इथल्या जाहिराती साधारण मे-जूनमध्ये येतात आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला पात्रता पूर्ण असावी, अशी अट बहुतेक ठिकाणी असते. म्हणजे जानेवारी ते एप्रिल हे चार महिनेच हातात असतात. आमच्या उदाहरणातल्या मुलीचे नेमके तेवढेच चुकीच्या क्रमापायी गेले.

शेवटी एक मर्यादा सांगायला हवी. समकक्षता म्हणजे पातळीची बरोबरी. गुणांचे रूपांतर हा वेगळा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये मास्टर्सला ५० गुणांना उत्तीर्ण, बहुधा ६० च्या पुढे मेरिट आणि ७० च्या पुढे डिस्टिंक्शन असते. आपल्याकडे पीएचडीला एरवी ५५ टक्क्यांची अट असते. तिकडे ५३ मिळवणारा विद्यार्थी तिथल्या मोजपट्टीने काही वाईट नसतो, पण इथे त्याला अडवले जाऊ शकते. म्हणून ट्रान्सक्रिप्टसोबत विद्यापीठाची गुणपद्धती समजावणारे पानही मागून घ्यावे. त्या मुलीने ते जोडले, पुढच्या वर्षी अर्ज केला आणि तिला प्रवेश मिळाला. तिची फाइल, नाव झाकून, मंडळाच्या कार्यालयात पाहायला ठेवली आहे. ज्यांच्या घरातून या वर्षी कोणी निघणार आहे त्यांनी ती जाण्याआधीच येऊन पाहावी.