परदेशी पाहुण्यांचे स्वागत: दोन भाषांतले भाषण कसे लिहावे?

नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबई-आग्रा महामार्गाने गेलं की अंबडची औद्योगिक वसाहत लागते. उद्या तिथल्या एखाद्या कारखान्यात परदेशी ग्राहकांसाठी स्वागताचं भाषण लिहायची वेळ तुमच्यावर आली, तर मराठी मसुदा शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत उतरवू नका, असं माझं मत आहे.

‘आज आपले पाय आमच्या कारखान्याला लागले’ हे वाक्य आपल्याला गोड वाटतं. त्याचं ‘युवर फीट टच्ड अवर फॅक्टरी’ केलं, तर पाहुणे स्वतःच्या बुटांकडेच बघत बसतील! इथे फक्त भाव घ्या: ‘वी आर ऑनर्ड टू हॅव यू हिअर.’

सूचनेचं मात्र उलट आहे. ‘आत जाताना हेल्मेट घाला आणि पिवळ्या पट्ट्यांच्या मधूनच चाला’ याचं इंग्रजी नेमकं तेवढंच हवं: ‘प्लीज वेअर युवर हेल्मेट अँड वॉक ओन्ली बिटवीन द यलो लाइन्स.’ इथे ‘ओन्ली’ गाळलं, तर पाहुणा चालत्या यंत्राजवळ जाऊ शकतो.

थोडक्यात, आदराचे शब्द बदलले तरी चालतील. सुरक्षेचा एकही शब्द सुटता कामा नये.