सुरांचा कागद वाचताना

शेजारची नववीतली मुलगी तालुक्याला पेटी शिकायला जाते. परवा ती कागद घेऊन आली. "काका, ओळ नीट वाजवते, तरी गुरुजी म्हणतात ताल चुकतो." कागद भातखंडे पद्धतीचा. राग भूप, त्रिताल. ओळ अशी होती :

ध़ सा रे ग । प ग ध प । ग – रे ग । प ग रे सा

चार खणांखाली अनुक्रमे ०, ३, ×, २ असे लिहिले होते.

आधी अक्षरे पाहू. पहिल्या 'ध'खाली टिंब आहे, म्हणजे तो खालच्या, मंद्र सप्तकातला. टिंब डोक्यावर असते तर तार सप्तकातला. स्वराच्या पोटाखाली आडवी रेघ असली की तो कोमल, आणि 'म'च्या डोक्यावर उभी रेघ असली की तीव्र. भूपात दोन्हींचे काम नाही.

आता खालच्या खुणा. त्रितालाच्या मात्रा १६, चार-चारांचे चार खण. × म्हणजे सम, पहिली मात्रा. २ ही पाचव्या मात्रेवरची टाळी, ० ही नवव्या मात्रेवरची खाली, तिथे टाळी न देता हात बाजूला न्यायचा. ३ ही तेराव्या मात्रेवरची टाळी. मुलीची पहिली चूक इथेच होती. कागदावर डावीकडे पहिला स्वर दिसला, म्हणून तिने तिथेच सम धरली. पण ही ओळ खालीपासून, नवव्या मात्रेपासून उठते. सम येते तिसऱ्या खणातल्या 'ग'वर.

दुसरी चूक त्या 'ग'पुढच्या आडव्या रेघेची. ती स्वराखाली नाही, शेजारी आहे. तिचा कोमलाशी संबंध नाही. 'ग' आणखी एक मात्रा धरून ठेवा, एवढाच तिचा अर्थ. मुलगी ती मोकळी जागा समजून पुढच्या 'रे'वर जात होती. त्यामुळे ओळ १५ मात्रांतच संपायची.

हे ओळखायचे कसे? समेपासून हाताने ताल धरा. रेघेची मात्रा दिली असेल, तर पाचव्या मात्रेची टाळी 'प'वर पडते आणि शेवटचा 'सा' आठव्या मात्रेवर येतो. टाळी 'ग'वर पडली, की रेघ गिळली असे समजावे. मी तिला पेटी बंद करायला लावली आणि हाताने ताल धरून ओळ नुसती म्हणायला लावली. तिसऱ्या खेपेला टाळी 'प'वर आली.

एक खबरदारी सांगितली. पलुसकर पद्धतीच्या पुस्तकात डोक्यावरचे टिंब मंद्र स्वराचे असते आणि तार स्वरावर उभी रेघ असते. तेव्हा दुसऱ्याचे पुस्तक हाती आले, तर आधी त्यातला चिन्हांचा तक्ता पाहावा. लय किती ठेवायची हे मात्र या कागदावर नव्हते. ते गुरुजींनाच विचार म्हणालो.