उपसलेल्या मातीने पेललेला टॉवर

मेक्सिको सिटी जुन्या तळ्याच्या गाळावर उभी आहे. तिथले भव्य कलाभवन, ‘पॅलासिओ दे बेयास आर्तेस’, काही मीटर खचले. मात्र त्याच्याजवळच १९५६ मध्ये पूर्ण झालेला ४४ मजली ‘तोरे लातिनोअमेरिकाना’ ताठ उभा आहे. कसा?

हिशेब साधा आहे. एक घनमीटर ओल्या चिकणमातीचे वजन दीड टन धरा आणि इमारतीच्या एका मजल्याचा भार दर चौरस मीटरला सुमारे एक टन. चार मीटर खोल माती उपसली की सहा टनांचे ओझे उतरले. तिथे तळघरासह सहा मजले चढवले, तर खालच्या गाळाला नवे ओझे जाणवतच नाही. हाच तरंगता पाया.

४४ मजल्यांसाठी एवढे पुरत नाही. म्हणून अभियंता लिओनार्दो सेवार्त यांनी सुमारे १३ मीटर खोल तळघर घेऊन भाराचा काही हिस्सा तोलला आणि उरलेला खांबांमार्फत खालच्या वाळूच्या थरावर टाकला.

खरी कसोटी खोदताना लागते. ओझे उतरताच खड्ड्याचा तळ फुगतो, बेसुमार पाणी उपसले तर शेजारच्या इमारती खचतात. त्यामुळे खोदाई टप्प्याटप्प्याने आणि रोज पातळी मोजतच व्हायला हवी. मोजमापावर पैसे वाचवणे हा शुद्ध वेडेपणा. आणि एका बाजूलाच मागाहून मजले वाढवले, तर एकूण वजन हिशेबात बसूनही इमारत कलते.