पहिल्या सिनेमातला दगड

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा पुरस्कार एका मराठी सिनेमाला मिळाला. आशिष बेंडे यांचा ‘आत्मपॅम्फ्लेट’. शाळकरी मुलगा, वर्गातली मुलगी आणि मध्ये उभी असलेली जात. हे वाचून तुम्हाला लगेच दुसरा एक सिनेमा आठवला असेल. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. त्यालाही हाच पदार्पणाचा पुरस्कार मिळाला होता, आणि गोष्टीचा सांगाडाही असाच. मुलगा, मुलगी, जात.

मग प्रश्न असा की, दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा पाहून त्याचा पुढचा रस्ता कळतो का? कट्ट्यावर यावर दोन मतं हमखास पडतात. एक, ‘पहिल्या सिनेमात सगळं असतं.’ दुसरं, ‘पैसा आला की सगळे बदलतात.’ दोन्ही अर्धवट आहेत. मंजुळेंचे तीन सिनेमे शेजारी ठेवून बघू. उंद्रीहून चिखलीला नाहीतर खामगावला कॉलेजसाठी जाणाऱ्या कुणालाही या सिनेमांतली गावं, वस्त्या आणि तिथली माणसं वेगळी समजावून सांगावी लागणार नाहीत. त्यामुळे आपण थेट बांधणीवर बोलू.

आधी एक दुरुस्ती. मंजुळेंची खरी सुरुवात ‘फँड्री’ नव्हेच. त्याआधी ‘पिस्तुल्या’ आहे, शाळेत जायची ओढ असलेल्या पण चोरीला जुंपलेल्या पोराचा लघुपट. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना त्यांनी तो केला. म्हणजे तुमच्या भाषेत सांगायचं तर कॉलेजचं प्रोजेक्ट. त्यात काम करणारा सूरज पवार पुढे ‘फँड्री’त जब्याचा दोस्त पिऱ्या झाला आणि ‘सैराट’मध्ये आर्चीचा भाऊ प्रिन्स. एकच पोरगा आधी व्यवस्थेचा बळी आणि शेवटी हातात सत्ता असलेला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी गोडी, मग हिशेब

‘फँड्री’ महाराष्ट्रात लागला तो १४ फेब्रुवारी २०१४ ला, म्हणजे व्हॅलेंटाइन डेला. प्रेमकथा बघायला आलेल्यांना सुरुवातीला प्रेमकथाच मिळते. जब्या शालूसाठी काळ्या चिमणीच्या मागे बेचकी घेऊन रानोमाळ फिरतो. तिला जाळून राख मुलीवर टाकली की ती प्रेमात पडते, असं त्याला सांगितलेलं असतं. तो नाक सरळ व्हावं म्हणून चिमटा लावतो, पावडर थापतो, दुकानातल्या जीन्ससाठी पैसे जमवायला बघतो. आपण हसतो, कारण हे सगळं आपणही थोड्याफार फरकानं केलेलं असतं.

आणि मग शेवटचा भाग येतो. जत्रेत डुकरांचा त्रास झाला म्हणून पाटील जब्याच्या बापाला, कचरूला, डुकरं धरायला सांगतो. घरात पोरीच्या लग्नाची काळजी आहे, पैसा हवा आहे. सगळं कुटुंब कामाला लागतं आणि ही धरपकड नेमकी शाळेच्या आसपास चालते. शाळेतली पोरं बघतात, गावातले तरुण टिंगल करत मोबाइल काढतात. ज्या शालूसाठी एवढा आटापिटा चालला होता, तीही त्याच गर्दीत असते. डुक्कर आता हाती लागणार एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, घरचे थांबतात, डुक्कर पळून जातं. पुढे काठीला लटकवलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ही माणसं शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर आंबेडकर, फुले यांची चित्रं रंगवलेली आहेत. कुणी भाषण करत नाही. फ्रेम बोलते.

आता दिग्दर्शकानं काय केलंय ते बघा. पहिला तासभर त्यानं तुम्हाला जब्याच्या शेजारी बसवलं. शेवटी तो तुम्हाला हळूच उठवून बघ्यांच्या गर्दीत नेऊन उभं करतो, कारण तमाशा तुम्हीही बघताच आहात. म्हणून जब्यानं भिरकावलेला शेवटचा दगड कॅमेऱ्याच्या दिशेनं येतो आणि पडदा काळा होतो. सुरुवातीला चिमणीवर नेम धरणारं पोरगं शेवटी तुमच्यावर नेम धरतं. दगड तोच, निशाणा बदलला.

पैसा आला, मग काय उरलं?

२०१६ साली ‘सैराट’ आला. वरवर बघितलं तर ‘फँड्री’शी त्याचं काहीच जुळत नाही. लांबी तीन तासांच्या आसपास, अजय-अतुलची गाणी, स्लो मोशन, बुलेट चालवणारी आर्ची. कॅमेरा सांभाळणारा माणूसही बदललेला: ‘फँड्री’ला विक्रम अमलाडी, ‘सैराट’ला सुधाकर रेड्डी यक्कंटी. गाणी वाजली की थिएटरात पोरं उठून नाचत होती. तेव्हा अनेकांना वाटलं, झालं, हा माणूस मसाल्याकडे वळला.

पण बांधणी बघा. पहिल्या भागात पुन्हा गोडीच आहे, फक्त बिनचिमट्याची आणि मोठ्या आवाजात. आणि त्या गोडीत धोका उघडपणे ठेवलेला आहे. वर्गात फोनवर बोलणाऱ्या प्रिन्सला नवे लोखंडे सर जाब विचारतात आणि तो त्यांच्या कानाखाली मारतो. नंतर त्याचा बाप त्याचं कौतुकच करतो. या घरात हात उचलण्याला काय किंमत आहे, हे तिथेच कळायला हवं होतं. पण पाठोपाठ गाणं येतं आणि आपण विसरतो. शेवटी तोच प्रिन्स माहेरची माणसं घेऊन, भेटवस्तू घेऊन दारात येतो. आर्ची चहा टाकते. त्यानंतर जे घडतं त्याला ना गाणं, ना पार्श्वसंगीत. लहान बाळ चालत बाहेर येतं, मागे तांबड्या पावलांचे ठसे. सिनेमाभर ज्यानं तुम्हाला आवाजानं न्हाऊ घातलं, त्यानं शेवटी आवाजच काढून घेतला. ‘फँड्री’त काळा पडदा, ‘सैराट’मध्ये शांतता. पण तुमच्या हाताला धरून ज्या जागी नेलं, ती जागा एकच.

इथे एक चाचणी कामाला येते, ती कुठल्याही दिग्दर्शकाला लावून बघा. पहिल्या सिनेमातली एखादी गोष्ट शैली आहे की मजबुरी? नवोदिताकडे पैसा नसतो, त्यामुळे तो नवखे चेहरे घेतो, खऱ्या गावात शूट करतो. समीक्षक त्याला ‘वास्तववाद’ म्हणतात, पण ते फक्त बजेटही असू शकतं. खरं काय ते पैसा आल्यावर कळतं. मंजुळेंनी ‘फँड्री’त सोमनाथ अवघडेला घेतलं, ते मजबुरी म्हणू या. पण ‘सैराट’मध्येही रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर हे नवखेच. आणि २०२२ च्या ‘झुंड’मध्ये तर अमिताभ बच्चन असूनही फुटबॉल खेळणारी टीम नागपूरच्या वस्तीतल्या नवख्या पोरांचीच. पैसा आला तरी गोष्ट टिकली, म्हणजे ती शैली. उलट ‘फँड्री’चा आटोपशीरपणा मात्र टिकला नाही. पुढचे दोन्ही सिनेमे जवळपास तीन-तीन तासांचे. म्हणजे तो आटोपशीरपणा त्या एका गोष्टीची गरज होती, दिग्दर्शकाचा स्वभाव नव्हे.

‘झुंड’मध्ये ठसा वाकतो

आता कुणी म्हणेल, हे जरा सोयीचं जुळवलंय. शंका रास्त आहे, म्हणून ‘झुंड’कडे बघायला हवं. नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला हा खेळाचा सिनेमा. नेहमीच्या खेळाच्या सिनेमात सगळ्यात मोठी मॅच शेवटी असते. इथे झोपडपट्टीची पोरं आणि कॉलेजची टीम यांची धमाल मॅच पहिल्या भागातच उरकते. टाळ्या वाजवून होतात. मग दुसऱ्या भागात अडचण येते ती कागदांची: पासपोर्ट, ओळखीचा पुरावा. रिंकू राजगुरूनं केलेल्या मोनिकाचा बाप पोरीच्या कागदांसाठी दारोदार फिरतो आणि ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाचं उत्तर त्याच्या हातात नसतं. आधी गोडी, मग हिशेब. इथपर्यंत ठसा तोच.

पण शेवट वेगळा आहे. इथे दगड येत नाही, रक्त येत नाही. वस्तीतला पोरगा विमानात बसतो. कॉलेज आणि वस्ती यांच्यामधली भिंत तिथेच आहे, पण एक जण तिच्या पलीकडे गेला. हे ‘फँड्री’ बघून कुणालाही आधी सांगता आलं नसतं. पदार्पणातून दिग्दर्शकाचे प्रश्न कळतात, त्याची उत्तरं कळत नाहीत. जब्याला जो प्रश्न पडला, तोच नागपूरच्या पोराला पडतो. आठ वर्षांत उत्तर बदललं.

तुलनेसाठी चैतन्य ताम्हाणे घ्या. ‘कोर्ट’ (२०१४) आणि ‘द डिसायपल’ (२०२०) यांचे विषय एकमेकांपासून लांब: एकात कनिष्ठ न्यायालय, दुसऱ्यात शास्त्रीय गायक. कॅमेरामनही वेगळे. तरी दोन्हीकडे कॅमेरा लांब, शांत उभा राहतो आणि माणसांना वेळ देतो. ताम्हाणेंची ओळख फ्रेममध्ये पहिल्या पाच मिनिटांत पटते. मंजुळेंची फ्रेममध्ये पटेलच असं नाही. ती पटते बांधणीत, म्हणजे सिनेमा संपल्यावर. पहिल्या सिनेमात काय शोधायचं हे त्यामुळे दिग्दर्शकागणिक बदलतं.

म्हणूनच ‘आत्मपॅम्फ्लेट’ बघून बेंडेंबद्दल आत्ताच निकाल देऊ नका. तो तिरकस, गमतीदार निवेदनानं चालतो, पण त्याची पटकथा परेश मोकाशी यांची आहे, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’वाल्यांची. त्यातला विनोद किती लेखकाचा आणि किती दिग्दर्शकाचा, हे एका सिनेमावरून वेगळं करता येत नाही. ते कळेल दुसऱ्या सिनेमात, तोही शक्यतो दुसऱ्या लेखकासोबत.

तोवर एक करा. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ लागोपाठच्या दोन रात्री बघा, आणि प्रत्येकात ज्या क्षणी तुमचं हसू थांबलं ती वेळ कागदावर लिहून ठेवा. मग मागे जाऊन बघा, त्या क्षणाची खूण दिग्दर्शकानं आधी कुठे ठेवली होती. पिऱ्या झालेला पोरगा प्रिन्स म्हणून वर्गात बसलेला दिसेल, तेव्हा कळेल की खूण समोरच होती. गाण्यांच्या नादात आपणच ती बघितली नव्हती.